दाजींचे सत्तेचाळीस चौकोन

आमचे दाजी सांगलीतल्या एका पतसंस्थेत कॅशिअर आहेत. आहेत म्हणायचं, पण गेल्या दिवाळीपासून ते काउंटरवर बसत नाहीत. वय सत्तावन्न. संस्थेने बाहेरून दोघांना बोलावून सगळ्या कर्मचाऱ्यांची 'कार्यक्षमता चाचणी' घेतली. एक कागद आणि नव्वद सेकंद. पन्नासच्या खाली गुण मिळालेल्यांना मागच्या खोलीत रेकॉर्डला पाठवलं. दाजींना सत्तेचाळीस मिळाले. मागे गेलेले पाचही जण पन्नाशीच्या पुढचे निघाले. यात कुणाचा डाव होता असं मला वाटत नाही. त्या कागदाचा स्वभावच तसा आहे.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. दाजींनी कागदाचं वर्णन केलं तेव्हा मी लगेच ओळखला. वरच्या ओळीत एक ते नऊ आकडे आणि प्रत्येकाखाली एक खूण: कुठे फुली, कुठे उलटी काठी, कुठे वर्तुळात टिंब. खाली नुसते आकडे, आणि त्यांच्याखाली रिकामे चौकोन. वरची किल्ली बघायची आणि ज्या त्या आकड्याची खूण चौकोनात काढायची. वेळ संपेपर्यंत जितके चौकोन बरोबर, तितके गुण. बुद्धिमापनात हा प्रकार फार जुना आहे आणि चांगलाही आहे. डोक्याला मार लागलेल्या माणसात काही बिघडलंय का, हे तो झटकन दाखवतो. पण वयाला इतकी संवेदनशील दुसरी चाचणी शोधून सापडायची नाही. २०१५ मध्ये जोशुआ हार्टशॉर्न आणि लॉरा जर्माइन यांनी हजारो लोकांच्या गुणांवरून दाखवलं की या कामातला कळस अठरा-एकोणिसाव्या वर्षाच्या आसपासच येऊन जातो. म्हणजे या कागदावर दाजीच काय, त्यांचे तिशीतले मॅनेजरही उताराला लागलेलेच आहेत. म्हणून ही चाचणी नीट वापरायची तर माणसाचे गुण त्याच्याच वयोगटाशी ताडून पाहतात. संस्थेने चोवीसपासून एकोणसाठपर्यंतचे सगळे एकाच यादीत लावले.

यावर संस्थेकडे एक उत्तर आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. रांगेत उभा असलेला माणूस कॅशिअरचा वयोगट बघत नाही. त्याला आपलं काम लवकर व्हायला हवं असतं. मग जो हळू तो हळू, वयाने असो की आळसाने. म्हणून खरा प्रश्न असा की नव्वद सेकंदांत जे हळू दिसतं, ते नेमकं काय असतं.

एका रविवारी मी आक्काच्या घरी गेलो आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर दाजी आणि भाचा, दोघांनाही कामाला लावलं. भाचा अठ्ठावीस वर्षांचा. आधी पट्टी. तीस सेंटिमीटरची पट्टी मी वरून धरायची, खाली त्याने अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं, मी न सांगता सोडायची, त्याने पकडायची. पाच पाच वेळा करून मधला आकडा घेतला. भाच्याने सोळा सेंटिमीटरवर पकडली, दाजींनी बावीसवर. पडणारी वस्तू सोळा सेंटिमीटर जायला ०.१८ सेकंद घेते, बावीस जायला ०.२१. फरक सेकंदाच्या तीन शतांशांचा. ताशी साठच्या वेगाने गाडी चालवताना तेवढ्या वेळात गाडी अर्धा मीटर पुढे जाते. साधी प्रतिक्रिया, म्हणजे एकच इशारा आणि एकच कृती, वयाने मंदावते ती ही एवढीच.

मग कागद. दाजींनी नव्वद सेकंदांत सत्तेचाळीस चौकोन भरले, संस्थेत भरले तेवढेच, आणि चूक एकही नाही. भाच्याने एकाहत्तर भरले, त्यात तीन चुकले. दाजींना एका चौकोनाला १.९ सेकंद लागले, भाच्याला १.२७. पट्टीवर तीन शतांशांचा असलेला फरक इथे दर चौकोनाला साठ-पासष्ट शतांशांवर गेला.

"बघा की, पोरगं कुठल्या कुठं गेलं," दाजी म्हणाले.

मी दुसरा कागद काढला. यात किल्ली नाही, आकडे नाहीत. वर खूण छापलेली, खाली ती नुसती उतरवायची. डोक्याला काहीच काम नाही. भाच्याने एकशे बारा उतरवल्या, दाजींनी पंच्याहत्तर. म्हणजे एका खुणेला भाच्याला ०.८ सेकंद आणि दाजींना १.२. नुसत्या उतरवण्यातच चार दशांशांचा फरक! पहिल्या कागदावरच्या फरकाचा निम्म्याहून जास्त भाग हा असा बोटांचा, पेनाचा आणि चष्म्याचा होता. चष्म्याचं खास सांगायला हवं. दाजींचा चष्मा दुहेरी भिंगाचा, काचही घासलेली. कागदाच्या वरच्या ओळीवर आणि खालच्या चौकोनावर नजर आलटून पालटून न्यायची तर ते प्रत्येक वेळी मान हलवत होते.

दोन माणसांवरून सिद्धांत निघत नाही, हे मी वर्गात इतक्यांदा सांगितलंय की स्वतः विसरणार नाही. पण या टेबलावर जे दिसलं त्याच्यामागे मोठं काम आहे, आणि ते समजायला सांगलीच्या मार्केट यार्डातला तराजू पुरतो. एखाद्या प्रश्नावर 'हो की नाही' ठरवताना मन काय करतं याचं एक गणिती प्रारूप रॉजर रॅटक्लिफ या मानसशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये मांडलं. दोन पारड्यांचा तराजू समजा. समोरून पुरावा थोडा थोडा येतो आणि या नाहीतर त्या पारड्यात पडतो. एक पारडं ठरावीक खूणगाठीपर्यंत झुकलं की आपण म्हणतो, 'झालं, हेच उत्तर.' लागलेल्या एकूण वेळेत तीन गोष्टी असतात. पुरावा पारड्यात किती भरभर पडतोय. पारडं किती झुकल्यावर 'झालं' म्हणायचं, म्हणजे माणूस किती सावध आहे. आणि तिसरी, माल तराजूपर्यंत आणणं आणि वजन वहीत लिहिणं, म्हणजे डोळ्यांनी पाहणं आणि हाताने बटण दाबणं. बुद्धीचा वेग म्हणायचाच तर तो फक्त पहिल्याला. घड्याळ मात्र तिघांची बेरीज करून एकच आकडा सांगतं.

ही बेरीज सोडवता येते, आणि मला यातला हाच भाग सर्वांत देखणा वाटतो. फक्त सरासरी वेळ बघायचा नाही. प्रत्येक उत्तराचा वेळ आणि ते चूक की बरोबर, असं सगळं मांडायचं. माणूस सावध झाला असेल तर तो हळू होतो, पण त्याच्या चुकाही कमी होतात. पुरावाच हळू येत असेल तर तो हळू होतो आणि शिवाय जास्त चुकतो. डोळा आणि हात मंदावले असतील तर त्याची सगळ्यांत चपळ उत्तरंसुद्धा थोड्या उशिराने सुरू होतात, पण चुकांचं प्रमाण हलत नाही. हळूपणा तिन्हीकडे सारखाच दिसतो. त्याचा ठसा मात्र तीन तऱ्हांचा असतो.

जर्मनीतले मिशा फॉन क्राउझे, स्टेफान राडेव्ह आणि आंद्रेयास फॉस यांनी हेच प्रारूप बारा लाख लोकांच्या उत्तरांवर चालवलं आणि २०२२ मध्ये निष्कर्ष छापला. लोक दहा ते ऐंशी वयाचे होते, आणि काम होतं शब्द आणि चेहरे झटपट दोन गटांत टाकण्याचं. उत्तराला लागणारा वेळ विशीपासून वाढत जातो, हे जुनंच सत्य पुन्हा दिसलं. पण तीन भाग सुटे केल्यावर कळलं की पुरावा गोळा करण्याचा वेग साठीपर्यंत जवळजवळ टिकून राहतो. वाढते ती सावधगिरी, आणि पाहण्या-दाबण्याचा वेळ. साठीनंतर मात्र पहिला वेगही उतरू लागतो.

या शोधाला लोक फार लवकर मिठी मारतात, म्हणून थोडा हात आखडता घेतो. ते काम सोपं होतं. लोक आपणहून संकेतस्थळावर आलेले होते, म्हणजे ज्यांना स्क्रीनची भीती वाटत नाही असे. एकाच माणसाला चाळीस वर्षं पाहिलेलं नव्हतं, वेगवेगळ्या वयाची वेगवेगळी माणसं शेजारी ठेवली होती. आणि अवघड कामांत, विशेषतः दोन नव्या गोष्टींची जोडी लक्षात ठेवायची असते तिथे, वयस्कांचा पुरावाही हळू येतो, असं खुद्द रॅटक्लिफ आणि सहकाऱ्यांना आढळलं आहे. एवढं सगळं वजा करूनही संस्थेच्या कागदाला एक प्रश्न उरतोच. त्यांनी चुकांचा रकाना का ठेवला नाही? दाजींची शून्य चूक आणि भाच्याच्या तीन चुका या गुणपत्रिकेवर दिसतच नाहीत. कॅशच्या काउंटरवर तीन चुका म्हणजे संध्याकाळी सात वाजता घरी जायचं की दहा वाजता, एवढा प्रश्न असतो.

सावधगिरी हा दोष की गुण, हे काम पाहून ठरतं. वयस्कांना 'चूक झाली तरी चालेल, भरभर करा' असं सांगून पाहिलं की त्यांची खूणगाठ बरीच खाली येते, तरुणांइतकी नाही तरी येते. ती स्वभावात रुतलेली नसते, बऱ्याच अंशी निवडलेली असते. तीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजलेला माणूस पारडं जास्त झुकल्याशिवाय 'झालं' म्हणत नसेल, तर त्याला पगार त्याचाच मिळत होता.

आता शब्दांकडे वळतो, कारण वयाची दुसरी बाजू तिथे आहे. शब्दसंग्रहाच्या चाचण्यांत गुण वाढत वाढत पन्नाशी-साठीत आणि काहींत त्याहीपुढे कळसाला जातात. दाजींना मी 'कीर्द', 'तेरीज', 'तारण', 'वटणावळ' विचारलं तर ते अर्थ सांगतातच, वर कुठला शब्द कुठे चुकीचा वापरतात तेही सांगतात. भाचा बी.कॉम. आहे, त्याला 'तेरीज' म्हणजे ट्रायल बॅलन्सच्या जातीचं काहीतरी, एवढं ठाऊक आहे. पण हा काही म्हातारपणाचा दिलासा म्हणून सांगत नाही. ज्ञान कामाच्या जागी वेगाची जागा कशी घेतं, ते महत्त्वाचं.

मागच्या मार्चमधली गोष्ट. तेरीज जुळेना, ४,५०० चा फरक. तरुण पोरं सकाळपासूनच्या सगळ्या पावत्या एकेक करून ताडायला बसली. दाजींनी फरक विचारला आणि म्हणाले, "नऊनं भाग जातोय. आकडे उलटे पडलेत, नाहीतर शून्य जास्तीचं पडलंय. हजार आणि शेकड्याच्या आकड्यांत पाचाचं अंतर असलेली पावती हुडका, न्हाईतर पाचशेच्या जागी पाच हजार." चौथ्या-पाचव्या मिनिटाला सापडली. पावती २,७९० ची होती, नोंद ७,२९० ची. दोन शेजारचे आकडे उलटे पडले की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. हजार-शेकडा उलटले तर नऊशेच्या पटीत, आणि ४,५०० म्हणजे नऊशे पाचा. दर पावतीला दाजींचा डोळा भाच्यापेक्षा हळू चालला असता. पण त्यांना दोनशे पावत्यांवरून डोळा फिरवायचाच नव्हता.

याचा प्रयोगशाळेतला दाखला टायपिंगचा आहे. टिमथी सॉल्टहाउस यांनी एकोणीस ते बहात्तर वयाच्या चौऱ्याहत्तर टायपिस्टांवर केलेला अभ्यास १९८४ मध्ये छापला. नुसतं बोट आपटण्यात आणि अक्षर दिसताच बटण दाबण्यात वयस्क मंद होते, अगदी अपेक्षेप्रमाणे. टायपिंगचा वेग मात्र वयाने कमी झालेला दिसला नाही. मग उघडकीला आलं की वयस्क टायपिस्टांची नजर मजकुरात जास्त पुढे धावत होती, त्यामुळे बोटांना तयारीला वेळ मिळत होता. पुढची अक्षरं झाकून ठेवली तेव्हा त्यांचा वेग पडला. मला या अभ्यासात दोन्ही गोष्टी प्रामाणिक वाटतात. भरपाई खरी आहे, आणि ती परिस्थितीवर अवलंबून आहे. काउंटरचं सॉफ्टवेअर बदललं, बटणांच्या जागा हलल्या, की पुढे पाहण्याची ही सोय एका दिवसात जाते. संस्थेने चाचणीच्या आधी तीन महिने सॉफ्टवेअर बदललं होतं, हे दाजींनी मला बऱ्याच उशिरा सांगितलं.

आणि जे खरंच जातं ते? तेही त्या रविवारी टेबलावर दिसलं. दोघांचे कागद उलटे ठेवले आणि विचारलं, किल्लीतल्या नऊ खुणा कुठल्या आकड्याखाली होत्या? भाच्याला सात आठवल्या, दाजींना चार. नव्वद सेकंद तेच पाहत होते दोघे. दाजींचा चेहरा उतरला आणि आक्का उगीचच चहाला उठली. इथे मी त्यांना 'चष्म्यामुळे' म्हणालो नाही, कारण ते खोटं झालं असतं. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या दोन नव्या गोष्टी जोडून ठेवणं, हे वयानुसार खरोखर अवघड होतं. खूण दाखवून 'ही होती का?' विचारलं तर बरंच जमतं. कुठली कुणाबरोबर होती, हे निसटतं. शिवाय जो हळू आहे त्याच्या हातून किल्लीकडे कमी फेऱ्या होतात, म्हणून मुळात पाठ व्हायलाही कमी संधी मिळते. वेग आणि स्मरण इथे एकमेकांच्या पायात पाय घालतात.

नावांचं दुखणं याच घरातलं. दाजी नव्या शिपायाला महिनाभर 'अहो' म्हणत होते. माणूस ओळखीचा, कुठून येतो ठाऊक, बापाचा व्यवसाय ठाऊक, आणि नाव मात्र ओठावर येऊन अडतं. एखादा सुतारकाम करतो हे लक्षात राहतं, एखाद्याचं आडनाव सुतार आहे हे राहत नाही. शब्द तोच. पण धंद्याला रंधा, भुसा, लाकडाचा वास अशा दहा दोऱ्या असतात आणि आडनाव एकाच दोरीवर लोंबतं. डेबोरा बर्क, डोनाल्ड मॅके आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडलेलं स्पष्टीकरण असंच आहे. अर्थ शाबूत असतो. अर्थापासून उच्चारापर्यंतची वाट वयाने अशक्त होते, आणि एकाच वाटेवर असलेल्या विशेषनामांना ते आधी जाणवतं. शब्दसंग्रह वाढत असताना शब्द ऐनवेळी न सापडणं, यात म्हणूनच विसंगती नाही. संग्रह वेगळा, काढून देणारा हात वेगळा.

एक घोळ मात्र दोन्ही बाजू घालतात. आज सत्तावन्नचा माणूस अठ्ठावीसच्या शेजारी बसवला की जो फरक दिसतो तो सगळा वयाचा नसतो. दाजी पाटी-पेन्सिलीवर शिकले. भाचा मोबाइलवर बोटं नाचवत वाढला. वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये सिएटलमध्ये सुरू केलेल्या अभ्यासात त्याच माणसांना दर सात वर्षांनी पुन्हा तपासलं. वेगवेगळ्या वयाची माणसं शेजारी ठेवून काढलेली घसरण लवकर सुरू झालेली दिसत होती. तीच माणसं पुढे पाहत गेल्यावर बहुतेक क्षमतांची म्हणण्यासारखी घसरण साठीच्या आसपास आली. निरीक्षणाचा वेग मात्र तिथेही आधीच उतरत होता. अर्थात पुन्हा पुन्हा तीच चाचणी दिल्याने सराव होतो आणि आजारी माणसं मधूनच गळतात, त्यामुळे हे चित्र थोडं गोड निघतं. खरं कुठेतरी मधे असावं.

मग संस्थेने काय करावं? माझं म्हणणं असं नाही की वयस्कांची तपासणीच नको. काउंटरला वेग लागतो तर काउंटरचाच वेग मोजा. त्याच सॉफ्टवेअरवर, पुरेसा सराव झाल्यावर, शंभर खऱ्या व्यवहारांना किती वेळ लागला आणि त्यातल्या किती नोंदी नंतर दुरुस्त कराव्या लागल्या, हे दोन्ही आकडे शेजारी ठेवा. दुरुस्तीला गेलेला वेळ मूळ वेळेत मिळवा. तसं करून एखादा साठीचा माणूस खरोखर मागे पडला, तर त्याला हलवण्याला माझी हरकत नाही, आणि चोवीसचा पडला तर त्यालाही हलवा. साठीनंतर माणसामाणसांतलं अंतर इतकं वाढतं की नुसत्या जन्मतारखेवरून काही ठरवणं वेडेपणा आहे. आणि एखादा कर्मचारी काही महिन्यांतच एकदम मंद झाला, नेहमीचा हिशोब चुकवायला लागला, तर तो वयाचा मामला समजू नका. थायरॉइड, बी-१२, ऐकू कमी येणं, नैराश्य, औषधं, यातलं काही असेल, डॉक्टरकडे पाठवा. वय असं एका तिमाहीत येत नाही.

हे सगळं मी दीड पानाच्या पत्रात लिहून संचालक मंडळाला दिलं. पुढची चाचणी एप्रिलमध्ये आहे आणि कागद तोच असणार, असं कळतं. चुकांचा रकाना घालण्याबद्दल 'विचार करू' म्हणाले. दाजी विश्रामबागेत जाऊन नवा चष्मा करून आलेत.